चुकीचं पार्सल गेलं, ग्राहकाला माफीचा ईमेल लिहायचाय – मजकूर तपासून द्याल का?

मेघना_प

नमस्कार मंडळी,

आम्ही पडदे, चादरी वगैरे ऑनलाइन विकतो. एका बाईंनी दरवाजाचे ७ फुटी निळे पडदे मागवले होते, दोन नग. त्यांना मिळाले खिडकीचे ५ फुटी. त्यांचा ईमेल मराठीत आहे आणि अगदी मोजका आहे: "मी दरवाजाचे पडदे मागवले होते, खिडकीचे आले. आत बिलही दुसऱ्याच कुणाचे आहे. काय करायचे ते कळवा." सोबत पडद्यांचा आणि लेबलाचा फोटो जोडलाय.

उत्तर मराठीतच द्यायचं ठरलंय. आमच्याकडचे सगळे नमुने इंग्रजीत आहेत, म्हणून एका सहकाऱ्याने खालचा मजकूर तयार केला. काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते मला सांगता येत नाहीये. व्याकरण आणि भाषा दोन्ही बघा. उद्या सकाळी पाठवायचाय.

> विषय: क्षमायाचना बाबत
>
> प्रिय ग्राहक,
>
> सर्वप्रथम आम्ही आपले आभार मानतो की आपण आमच्या कडून खरेदी केली. आपल्याला कळविण्यास अत्यंत खेद होतो की आपल्या गोदामातून आपल्याला चूकीचे शिपमेंट पाठविले गेले आहे. सध्या ऑर्डर्सची संख्या खूप असल्यामुळे तसेच कुरियर कंपनीच्या गोंधळामुळे असा प्रकार घडला असावा. तुम्हाला काही गैरसोय झाली असल्यास त्याबद्दल आम्ही दिलगीरी व्यक्त करतो. आपण सदर वस्तु मूळ पॅकिंगमध्ये परत पाठवावी, वस्तु प्राप्त झाल्या नंतर त्याची तपासणी करून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. असा प्रकार पुन्हा कधीही होणार नाही याची आम्ही खात्री देतो. आपल्या सहकार्याची अपेक्षा.

---

भटक्या७७

अजिबात गप्प बसू नका. पैसे परत मागा आणि दिले नाहीत तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. मला बुटांच्या जोडीत एक ८ नंबरचा आणि एक ९ नंबरचा आला होता. तीन वेळा फोटो मागवले त्यांनी, तेच तेच फोटो.

---

मेघना_प

दादा, मी ग्राहक नाही, चूक आमच्याकडून झालीये. माफीचा ईमेल मला लिहायचाय.

---

दत्तोपंत

मसुदा एकंदरीत सभ्य आहे, किरकोळ शुद्धलेखन सुधारावे. 'चूकीचे' नव्हे, 'चुकीचे'. 'दिलगीरी' नव्हे, 'दिलगिरी'. 'आमच्या कडून' आणि 'झाल्या नंतर' हे जोडून लिहावे: आमच्याकडून, झाल्यानंतर. विषयातही 'क्षमायाचनेबाबत' असे हवे. 'वस्तु'चे 'वस्तू' करा. मात्र विभक्ती लागली की 'चूक'चे 'चुकीचे' होते त्याच न्यायाने 'वस्तुची', 'वस्तुचा' असे ऱ्हस्व लिहावे.

बाकी एके ठिकाणी 'तुम्हाला' आले आहे, तिथे 'आपणास' करावे. ग्राहकाला 'आपण'च म्हणावे. 'पाठविले गेले आहे'ऐवजी 'पाठविण्यात आले आहे' अधिक भारदस्त वाटेल.

---

टाचण

दत्तोपंत, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या बहुतेक बरोबर आहेत, एक सोडून. 'चूक'मध्ये 'चू' हे शेवटून दुसरं अक्षर आहे, म्हणून रूप बदलताना ते ऱ्हस्व होतं: चूक–चुकीचे, मूल–मुलाचे, वीट–विटेचे. 'वस्तू'मधला 'तू' शेवटचा आहे, तो दीर्घच राहतो: वस्तूची, वस्तूला. ऱ्हस्व होतो तो समासात: वस्तुस्थिती, वस्तुसंग्रहालय. आणि मसुद्यातली एक चूक तुमच्या नजरेतून सुटली. 'वस्तू प्राप्त झाल्यानंतर त्याची तपासणी' असं लिहिलंय. वस्तू स्त्रीलिंगी, म्हणजे 'तिची तपासणी'.

पण मेघना, तुला जे खटकतंय ते शुद्धलेखन नाही. हे सगळे ऱ्हस्वदीर्घ सुधारून पाठवलंस तरी त्या बाई चिडतील. तो मजकूर त्यांच्या जागी बसून वाच.

त्यांनी स्वतः कळवलं की चुकीचं आलं, आणि आपण त्यांनाच 'कळविण्यास खेद होतो' म्हणतोय. म्हणजे त्यांचा ईमेल कुणी वाचलाच नाही, असं त्यांना वाटणार. पडदा हा शब्द अख्ख्या मजकुरात नाही, ऑर्डरचा क्रमांक नाही, त्यांचं नाव नाही. आत दुसऱ्याचं बिल आलंय असं त्या सांगताहेत, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांचा प्रश्न साधा होता, 'काय करायचे ते कळवा'. त्याचं उत्तर काय मिळालं? तुम्ही पाठवा, आम्ही तपासू, मग योग्य ती कार्यवाही होईल. फोटो जोडला असताना तपासायचं काय राहिलंय? आणि 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे नवे पडदे की पैसे? केव्हा? यातलं काहीच कळत नाही.

आता 'आपण'. दत्तोपंत म्हणतात तसं आदरार्थी 'आपण' चुकीचं मुळीच नाही. पण मराठीत 'आपण'मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघंही येतात, आणि पत्रात एकीकडे आम्ही, एकीकडे ते असले की घोटाळा होतो. 'आपल्या गोदामातून आपल्याला चुकीचे शिपमेंट पाठविले गेले' – गोदाम कुणाचं? तुमच्या सहकाऱ्याला 'आपल्या' म्हणजे कंपनीच्या म्हणायचंय, कारण ऑफिसात तो तसंच बोलत असणार. पुढच्याच 'आपल्याला'मध्ये मात्र ग्राहक आहे. एका वाक्यात एकच शब्द दोन पक्षांसाठी वापरलाय. जिथे चूक कुणाची हेच सांगायचंय, तिथे हे परवडत नाही. मी सरळ 'तुम्ही' आणि 'आम्ही' लिहीन. त्यांनीही साध्या भाषेत लिहिलंय, त्यांना 'तुम्ही'चा अपमान वाटणार नाही.

---

दत्तोपंत

'वस्तू'बद्दलचे मान्य. 'आपण'चा मुद्दाही या वाक्यापुरता पटला. पण वयस्कर व्यक्तीला कंपनीने 'तुम्ही' लिहिलेले मला आजही रुचत नाही. 'आपण' ठेवून गोदामापुढे 'आमच्या' लावले तरी काम भागते.

---

टाचण

भागतं, पण मग पूर्ण पत्रात तेवढं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, आणि 'आपल्या' हा शब्द स्वतःसाठी एकदाही वापरायचा नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर लिहावं. दोन्हींची सरमिसळ मात्र नको. मसुद्यात चौथ्या वाक्यापर्यंत 'आपण' होतं आणि तिथे अचानक 'तुम्हाला' आलं, त्यामुळे मजकूर दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखा दिसतो.

---

चिन्मय_कु

एवढं कशाला? "सॉरी, चुकीचे पडदे आले, नवीन पाठवतो." संपलं. लोकांना वाचायला वेळ नसतो.

---

गोदामवाला

चिन्मय, छोटं लिही हे बरोबर, पण इतकं छोटं की बाईंना परत विचारावं लागेल. जुने पडदे कुणी न्यायचे? खर्च कुणाचा? आधी जुने द्यायचे की नवे आधी येणार? त्या बिलाचं काय? म्हणजे अजून चार ईमेल.

मेघना, मी पॅकिंगच्या कामात आहे म्हणून विचारतो. आत दुसऱ्याचं बिल आलंय ना? आणि बाहेरच्या लेबलावर नाव-पत्ता बाईंचाच होता?

---

मेघना_प

हो, फोटोत बाहेरचं लेबल त्यांचंच दिसतंय. आतलं बिल दुसऱ्या ग्राहकाचं.

---

गोदामवाला

मग माल उचलताना चूक झालेली नाही. फळीवरून चुकीचा माल काढला गेला असता, तर बिल तरी बाईंचंच असतं. पडदे आणि बिल एकमेकांशी जुळताहेत ना? म्हणजे पॅकिंग बरोबर झालं आणि बाहेरची लेबलं दोन पार्सलांत अदलाबदल झाली. दोन पिशव्या शेजारी बंद करून ठेवल्या, लेबलं एकदम छापली आणि उलटी चिकटवली. असं होतं, विशेषतः दोन्ही पिशव्या दिसायला सारख्या असल्या की.

याचा अर्थ यांचे ७ फुटी पडदे, यांच्या बिलासकट, त्या दुसऱ्या ग्राहकाच्या पत्त्यावर निघालेत. आधी ते पार्सल कुठाय ते बघ. पोचलं नसेल तर कुरियरला सांगून वाटेतूनच परत मागव. आणि बिलावर फोन नंबर छापता का तुम्ही?

---

मेघना_प

बापरे. हो, बिलावर नाव, पत्ता, फोन सगळं असतं. बघते लगेच.

---

टाचण

गोदामवाल्यांनी फार मोलाची गोष्ट काढली. म्हणूनच 'ऑर्डर्सची संख्या खूप असल्यामुळे तसेच कुरियर कंपनीच्या गोंधळामुळे घडला असावा' हे वाक्य पूर्ण काढायचं. एक तर ते खरं नाही. कुरियरने लेबलावरच्या पत्त्यावर नेमकं पोचवलं, त्याची चूक शून्य. दुसरं म्हणजे 'असावा'. चूक कशी झाली हे स्वतःलाच माहीत नसताना दिलेलं कारण ही सबब असते. कारण एका वाक्यात द्यावं, ठाम द्यावं, आणि माहीत नसेल तर देऊच नये. ऑर्डरी खूप होत्या याचा अर्थ त्या बाईंच्या लेखी एवढाच, की दुसऱ्या ग्राहकांमुळे माझ्याकडे दुर्लक्ष झालं.

आता क्रियापद. 'पाठविले गेले आहे', 'पाठविण्यात आले आहे' यात करणारा कुणीच दिसत नाही. दत्तोपंत, सरकारी परिपत्रकात हे शोभतं, कारण तिथे व्यक्ती पुढे आणायचीच नसते. माफीत व्यक्तीच लपली तर माफी मागतंय कोण? मराठीत यासाठी सहज वाक्य आहे: 'आमच्याकडून तुम्हाला खिडकीचे पडदे गेले.' मुद्दाम नाही, चुकून, पण आमच्याकडून. एवढं सगळं त्यात येतं.

'झाली असल्यास' हेही जाऊ दे. पडदे आखूड आले म्हणजे गैरसोय झालीच. 'असल्यास' लावलं की आम्हाला शंका आहे असं ध्वनित होतं.

---

चिन्मय_कु

'गेले' कसं चालेल? पडदे काय स्वतःच्या पायांनी गेले? ही पण पळवाटच झाली की. 'आम्ही पाठवले' लिहा.

---

टाचण

'आम्ही तुम्हाला चुकीचे पडदे पाठवले' हेही चालेल, जरा रोखठोक होतं इतकंच. नुसतं 'चुकीचे पडदे गेले' लिहिलं असतं तर तुझा आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. 'आमच्याकडून' आलं की जबाबदारी आली. शिवाय पुढच्या वाक्यात 'ही चूक पूर्णपणे आमची आहे' असं उघड म्हणायचंच आहे.

---

चिन्मय_कु

मला अजूनही 'पाठवले'च प्रामाणिक वाटतं. असो.

---

भटक्या७७

मघाशी उलटं वाचलं मी. पण ग्राहक म्हणून सांगतो, बुटांच्या वेळी मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर आधी बूट परत करा, ते आमच्याकडे पोचले की मग नवीन पाठवू, याचा. चूक त्यांची आणि वाट मी बघायची. वर मूळ खोका नीट असेल तरच परत घेऊ म्हणाले. खोका फाडल्याशिवाय आत नंबर चुकलाय हे कसं कळणार?

आणि ईमेलच्या शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. त्या क्षणी पुढची खरेदी कोण करणार होतं?

---

गोदामवाला

भटक्या म्हणतोय ते लिहून घे मेघना. ५ फुटी पडदे परत आले नाहीत तर तुमचं नुकसान तेवढंच, पण नवे आधी पाठवले तर बाई शांत होतात. एकच अडचण, ७ फुटी निळे स्टॉकमध्ये आहेत का ते फळीवर जाऊन बघ. संगणकात दिसतात म्हणून तारीख देऊ नकोस. माफीनंतर दिलेली तारीख चुकली की तीच चूक दुसऱ्यांदा केल्यासारखं होतं.

तारीख देताना दोन वेगळ्या सांग. आपल्याकडून पार्सल निघायची तारीख आपल्या हातात, ती ठाम. पोचायची तारीख कुरियरच्या हातात, तो अंदाज आहे असं स्पष्ट म्हण.

---

मेघना_प

सगळ्यांचे आभार. शोधलं. गोदामवाल्यांचं तंतोतंत खरं निघालं. दुसरं पार्सल अजून वाटेत आहे, कुरियरला परत पाठवायला सांगितलंय, त्यांनी तशी नोंद केलीये. ७ फुटी निळ्यांचे दोन नग फळीवर आहेत, मी स्वतः बघून बाजूला काढून ठेवले. उद्या, मंगळवारी दुपारी निघतील. कुरियर शुक्रवार म्हणतोय.

दुसरा मसुदा:

> विषय: ऑर्डर क्रमांक ४४१७ संबंधी दिलगिरी
>
> श्रीमती ______ यांस,
>
> नमस्कार. तुम्ही ७ फुटी दरवाजाचे दोन निळे पडदे मागवले होते, आमच्याकडून तुम्हाला ५ फुटी खिडकीचे पडदे गेले. दोन पार्सलांची लेबलं आम्ही उलटी चिकटवल्यामुळे हे झाले. ही चूक पूर्णपणे आमची आहे. झालेल्या गैरसोयबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> तुमचे पडदे उद्या, मंगळवारी, पाठवत आहोत. कुरियरच्या अंदाजानुसार ते शुक्रवारपर्यंत पोचतील. आधीचे पडदे नेण्यासाठी माणूस येईल, त्याचा खर्च आमचा. पिशवी फाटली असली तरी चालेल.
>
> असा प्रकार पुन्हा कधीही होणार नाही.

'श्रीमती' ठीक आहे ना? आणि 'दिलगीर' दीर्घ की ऱ्हस्व?

---

टाचण

हा मजकूर आता माणसाने माणसाला लिहिल्यासारखा झालाय. 'दिलगीर' दीर्घच. त्याची 'दिलगिरी' झाली की ऱ्हस्व. 'गैरसोयबद्दल' नाही, 'गैरसोयीबद्दल'. 'लेबलं' आणि 'झाले' एकाच परिच्छेदात नकोत. पत्रात 'लेबले', 'झाले', 'निघाले' असंच सगळीकडे ठेव.

'श्रीमती' काही जणींना खटकतं, त्यावरून वैवाहिक स्थितीचा अर्थ काढणारे लोक अजून आहेत. 'सौ.' तर माहिती नसताना लावूच नये. त्यांनी ईमेलखाली जसं नाव लिहिलंय तसंच लिही आणि पुढे 'नमस्कार'. पुरेसं आहे.

विषयाच्या ओळीत 'दिलगिरी' नको. त्यांना जे हवंय ते तिथेच दिसू दे: 'ऑर्डर क्रमांक ४४१७: योग्य पडदे मंगळवारी पाठवत आहोत'. ईमेल न उघडताही अर्धी काळजी मिटते.

आता शब्द कोणता. 'दिलगीर आहोत' म्हणजे आम्हाला वाईट वाटतंय. ते दुसऱ्याच्या चुकीबद्दलही वाटू शकतं, गाडीला उशीर झाला तरी दिलगिरीच व्यक्त होते. इथे चूक आपली आहे, तेव्हा मी 'क्षमा मागतो' लिहीन. नुसतं 'क्षमस्व' पाटीवर बरं दिसतं, ईमेलात तुटक वाटतं.

---

दत्तोपंत

इथे माझे मत वेगळे. 'क्षमा मागणे' हे गंभीर अपराधासाठी असते. पडदे आखूड गेले म्हणून क्षमा मागणे नाटकी वाटते. पुढे 'मनापासून' जोडाल तर आणखीच. 'दिलगीर आहोत' यात पुरेसा सौजन्यभाव आहे, आणि 'चूक पूर्णपणे आमची आहे' हे वाक्य लगेच आधी असल्याने जबाबदारी झटकल्यासारखे होत नाही.

---

चिन्मय_कु

दत्तोपंतांशी सहमत, आश्चर्य आहे. मी 'माफी मागतो' लिहिलं असतं. बोलताना आपण तेच म्हणतो.

---

टाचण

दत्तोपंत, चूक कबूल केल्यावर लगेच येतं म्हणून चालेल हे मान्य. ते वाक्य मधून काढलं तर मात्र नुसती दिलगिरी लंगडी पडेल. 'माफी' ही उत्तम, दोन्हींच्या मधली. मेघना, तुझ्या तोंडी जो शब्द सहज येतो तो घे.

एक मोठी गोष्ट राहिलीये: बिल. त्यांनी आवर्जून लिहिलंय. दुसऱ्या ग्राहकाचं बिल त्यांच्याकडे आहे, तसं त्यांचं बिल दुसऱ्या पार्सलात आहे. हे त्यांना सांगायलाच हवं, त्यांनी विचारलं नसलं तरी. ते पार्सल परत मागवलंय, हेही सांग. दुसऱ्या ग्राहकाचं नाव आपल्या ईमेलात घ्यायचं नाही, जरी ते त्यांना बिलावर दिसत असलं तरी.

---

भटक्या७७

कशाला सांगायचं? पार्सल पोचलंच नाहीये. उगाच घाबरवणं आहे हे.

---

गोदामवाला

वाटेतून परत मागवलेलं प्रत्येक पार्सल परत येतंच असं नाही. निरोप उशिरा मिळतो आणि माणूस नेऊन देतो. उद्या त्या दुसऱ्या ग्राहकाने बिलावरच्या नंबरवर फोन करून "तुमचे पडदे माझ्याकडे आलेत" म्हटलं, तर बाईंना काय वाटेल? आधी सांगितलेलं बरं.

आणि 'पुन्हा कधीही होणार नाही' काढ बाई. ते कुणाच्याच हातात नसतं. लेबल लावताना बिलावरचा क्रमांक जुळवून बघायची नवीन पद्धत सुरू केली असेल तर तसं लिही, नसेल तर काहीच लिहू नकोस.

---

मेघना_प

ठरलंय, पण अजून सुरू नाही केली. म्हणजे ते वाक्य जाणार. हे घ्या शेवटचं:

> विषय: ऑर्डर क्रमांक ४४१७: योग्य पडदे मंगळवारी पाठवत आहोत
>
> ______, नमस्कार.
>
> तुम्ही ७ फुटी दरवाजाचे दोन निळे पडदे मागवले होते. आमच्याकडून तुम्हाला ५ फुटी खिडकीचे पडदे गेले. दोन पार्सलांची लेबले आम्ही उलटी चिकटवली, त्यामुळे हे झाले. ही चूक पूर्णपणे आमची आहे. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. फोटो लगेच पाठवल्यामुळे चूक कुठे झाली ते शोधता आले, त्याबद्दल आभार.
>
> तुमचे पडदे आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत. ते मंगळवारी दुपारी निघतील. कुरियरने शुक्रवारपर्यंत पोचण्याचा अंदाज दिला आहे. पार्सल निघाले की त्याचा क्रमांक कळवू.
>
> चुकून आलेले पडदे न्यायला आमच्या वतीने माणूस येईल. त्याचा खर्च आमचा आहे. पिशवी फाटली असली तरी हरकत नाही. तुम्हाला सोयीचा दिवस आणि वेळ तेवढी कळवा. नवे पडदे त्यासाठी थांबणार नाहीत.
>
> तुमच्याकडे आलेले बिल दुसऱ्या ग्राहकाचे आहे. ते कृपया पडद्यांसोबत परत द्यावे. तुमचे बिल दुसऱ्या पार्सलमध्ये गेले आहे आणि त्यावर तुमचे नाव, पत्ता व फोन क्रमांक आहे. ते पार्सल अजून पोचलेले नाही, आम्ही ते वाटेतून परत मागवले आहे. ते आमच्याकडे आले की तुम्हाला कळवू.
>
> आता पडदे नको असतील, तर मंगळवारी सकाळी ११ पर्यंत कळवा, आम्ही पूर्ण रक्कम परत करू.
>
> मेघना
> (खाली माझा थेट नंबर)

---

टाचण

छान. दोन बारीक गोष्टी. सगळीकडे 'कळवा' आणि एकाच ठिकाणी 'द्यावे' आहे, तिथे 'द्या' कर. दुसरं, ११ची मुदत. ईमेल मंगळवारी सकाळी जाणार आणि ११ पर्यंत उत्तर मागायचं, हे त्यांच्यावर घाई लादणं झालं. 'आता पडदे नको असतील तर कधीही कळवा, पार्सल निघाले असले तरी चालेल, पूर्ण रक्कम परत करू' असं करता येईल का? तुमच्या नियमात बसत असेल तरच.

आणि तुम्ही उद्याच पाठवताय तेव्हा 'मंगळवारी'च्या आधी 'आज' लिही. ईमेल वाचताना मंगळवारच असणार.

---

गोदामवाला

बिल परत द्या म्हटलंस ते बरं केलंस, पण ते न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात सुटं द्यायला लावू नकोस. 'पडद्यांसोबत पिशवीतच ठेवा' असं लिही. नाहीतर ते बिल कुरियरच्या गाडीत कुठेतरी पडून राहतं.

---

मेघना_प

सगळे बदल केले. साहेबांना विचारलं, निघाल्यानंतरही रक्कम परत करू म्हणालेत, फक्त पडदे परत आल्यावर. तसंच लिहिलं. ईमेल आत्ताच पाठवली.

---

दत्तोपंत

पाठवला. ईमेल पुल्लिंगी.

---

चिन्मय_कु

आमच्याकडे सगळे 'ईमेल आली' म्हणतात.

---

टाचण

दोन्ही चालू आहे, काही जण 'ईमेल आलं' असंही म्हणतात. एका पत्रात एकच धरलं की झालं.

मेघना, दुसऱ्या ग्राहकाला लिहिलंस का? त्यांना अजून काहीच माहीत नाही.

---

मेघना_प

तेच विचारणार होते. त्यांचं पार्सल उशिरा येतंय एवढंच त्यांना दिसत असेल. त्यांनी तक्रार केलेली नाही. त्यांना माफीने सुरुवात करू की आधी काय झालं ते सांगू? त्यांचे खिडकीचे पडदे तर आता या बाईंकडे आहेत, आणि फळीवर तो रंग संपलाय.

---

गोदामवाला

मग त्यांना तारीख आज देता येणार नाही. बाईंकडून पडदे परत येऊन तपासून होईपर्यंत किती दिवस लागतील ते आधी कुरियरला विचार. आणि वापरून परत आलेला माल त्यांना नवा म्हणून पाठवायचा का, ते तुमच्या साहेबांनी ठरवायला हवं.

---

टाचण

इथे क्रम उलटा लागेल. पहिल्या बाईंना काय झालं ते माहीत होतं, यांना नाही. म्हणून आधी घटना: 'तुमच्या पार्सलावर आमच्याकडून चुकीचे लेबल लागले, त्यामुळे तुमचे पडदे दुसऱ्या पत्त्यावर गेले.' मग माफी. मग त्यांचं बिल तिकडे आहे हे. मग दोन पर्याय: थांबायची तयारी असेल तर अंदाजे कधी, नाहीतर आजच रक्कम परत. तारीख ठरत नाही म्हणून ईमेल मात्र अडवून ठेवू नकोस. 'नक्की तारीख गुरुवारपर्यंत कळवतो' हीसुद्धा तारीखच आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.

---

मेघना_प

साहेब मीटिंगमध्ये आहेत. ते आले की विचारते आणि मसुदा इथे टाकते.